84 किलो, 25 मीटरचा तलाव आणि घड्याळातल्या 480 कॅलरी: पोहून चरबी नक्की किती उतरते?

सातपूरकर_84

मंडळी, थोडा हिशोब तपासून हवा आहे. वय 38, उंची 5 फूट 7 इंच, वजन 84 किलो, बेंबीपाशी घेर 101 सेंटीमीटर. तीन आठवड्यांपूर्वी सोम-बुध-शुक्र अशी सकाळची 45 मिनिटांची बॅच लावली. तलाव 25 मीटरचा. ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे आपलं बेडूक-पोहणं, लहानपणापासून येतं. फ्रीस्टाइल अर्ध्या तलावापर्यंतच जमतं, पुढे दम जातो.

एका बॅचमध्ये 12 लॅप होतात. हातातलं घड्याळ दरवेळी 470-480 कॅलरी दाखवतं. नऊ बॅच झाल्या, म्हणजे 4,300 च्या आसपास कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी असं धरलं तर अर्ध्या किलोहून जास्त उतरायला हवं होतं. काट्यावर मात्र 84.6 आहे. खाणं बदललेलं नाही. चुकतंय कुठे? आणि लॅप नेमके कसे आखायचे?

पंचवटी_पहाट

चुकत काही नाही, पाणी कोमट झालंय म्हणून. थंडीत या. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचं पाणी अंगाला चावतं, शरीराला स्वतःला गरम ठेवायला चरबी जाळावीच लागते. शिवाय रिकाम्या पोटी उतरा, म्हणजे थेट चरबीलाच हात लागतो. महिनाभरात फरक दिसेल.

लेन_चार

सातपूरकर, हिशोबाआधी चार गोष्टी सांगा. तुमचा लॅप म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, की जाऊन-येऊन? इथे दोन्ही अर्थांनी बोलतात आणि त्यात अंतर सरळ दुप्पट होतं. दुसरं, पहिला लॅप किती सेकंदांत होतो आणि बारावा किती? तिसरं, दोन लॅपच्या मध्ये किती वेळ थांबता? चौथं, घड्याळात तलावाची लांबी किती भरली आहे ते बघा.

सातपूरकर_84

लॅप म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. आज भिंतीवरच्या घड्याळावर पाहिलं, पहिला 43 सेकंद, शेवटचा पूर्ण 60. मध्ये दम परत येईपर्यंत थांबतो, दोन-तीन मिनिटं होतच असतील. ओळखीचे भेटतात, बोलणंही होतं.

आणि हो, घड्याळात लांबी 50 मीटर निघाली! घेतल्यापासून तशीच होती.

लेन_चार

मग तुमचे 300 मीटर घड्याळाच्या लेखी 600 झाले. पण कॅलरीचा मोठा घोटाळा बहुधा लांबीमुळे नाही, नाडीमुळे आहे. मनगटाच्या घड्याळात खालून प्रकाश मारून नाडी मोजतात. पाण्यात पट्टा हलतो, काच आणि कातडी यांच्यामध्ये पाणी शिरतं, आणि हात मारण्याची लय तेवढी नाडी म्हणून पकडली जाते. शिवाय बरीच घड्याळं एकूण कॅलरी मोठ्या अक्षरांत दाखवतात. त्यात तुम्ही त्या वेळी सोफ्यावर बसून राहिला असतात तरी खर्च झाली असती तेवढीही धरलेली असते. वजन उतरण्याच्या हिशोबात ती वजाच करायची.

आता तुमचीच बॅच मांडू. बारा लॅप, सरासरी 50 सेकंद. म्हणजे 45 मिनिटांत प्रत्यक्ष पोहणं फक्त 10 मिनिटं, उरलेली 35 भिंतीला धरून. सगळ्या प्रश्नाची गोम इथेच आहे. लोक बॅचची वेळ मोजतात, शरीर हालचालीची वेळ मोजतं.

व्यायामाचा खर्च 'मेट' या मापात सांगतात. स्वस्थ बसणं म्हणजे 1. रमतगमत ब्रेस्टस्ट्रोक 5 च्या थोडं वर, सावकाश फ्रीस्टाइल 6 च्या जवळ, सरावातला जोरकस ब्रेस्टस्ट्रोक 10 च्या आसपास. तुमचा वेग कमी असला तरी धडपड जास्त आहे, म्हणून पोहण्याला 8 धरतो. पाण्यात उभं राहण्याला 2 धरतो, तेही उदार होऊनच. मेट गुणिले किलो गुणिले तास, एवढंच सूत्र:

```
पोहणे     8 × 84 × 10/60 = 112
थांबणे    2 × 84 × 35/60 =  98
एकूण                       210
वजा बसणे  1 × 84 × 45/60 =  63
निव्वळ                     147
```

480 च्या जागी दीडशेच्या आत-बाहेर. नऊ बॅचचे झाले साधारण 1,300. चरबीच्या भाषेत पावणेदोनशे ग्रॅमही नाही. आणि रात्री जेवणात मीठ जास्त पडलं किंवा पोट साफ झालं नाही, एवढ्याने काटा अर्धा-एक किलो इकडेतिकडे होतो. तुमचे वाढलेले 600 ग्रॅम त्या गडबडीत सहज बसतात. काटा तीन आठवड्यांत हे दाखवूच शकत नव्हता.

आकडेमोड

लेन_चार, हिशोब नीट आहे, पण एक शंका. चालताना आपण स्वतःचं वजन वाहतो म्हणून किलोने गुणणं समजतं. पाण्यात वजन पाणी उचलतं. 84 किलोच्या माणसाला 60 किलोवाल्यापेक्षा त्याच प्रमाणात जास्त खर्च येतो हे कशावरून? चरबी तर तरंगते.

लेन_चार

शंका रास्त आहे. पाण्यात खर्च मुख्यतः पाण्याचा अडथळा कापण्याचा असतो. तो अंगाचा आकार, ताठपणा आणि वेग यांवर ठरतो, नुसत्या किलोवर नाही. जास्त चरबीच्या माणसाचे पाय आणि कंबर वर राहतात, म्हणजे त्याला फायदाच. त्यामुळे मेटचं सूत्र जाड माणसाला थोडं वाढवून देत असणार. दुसऱ्या बाजूने, पाय बुडालेल्या नवशिक्याचा दर मीटरचा खर्च चांगल्या पोहणाऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतो, तो सूत्रात येत नाही. या दोन चुका एकमेकींना किती खातात ते प्रयोगशाळेत श्वास मोजल्याशिवाय कळणार नाही. मी 147 कडे 'शंभर ते दोनशे' म्हणून बघतो. काही झालं तरी 480 होत नाही.

आकडेमोड

मान्य. मग त्याच सूत्राने गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर 45 मिनिटं झपझप चालण्याचं करून पाहिलं. ताशी साडेपाच-पावणेसहा किलोमीटरला मेट 4.3. 84 किलोला निव्वळ 208 येतं. म्हणजे आजच्या घडीला सातपूरकरांना तलावापेक्षा ट्रॅक फायद्याचा!

पंचवटी_पहाट

झालं. आता पोहणंच बंद करायला सांगा त्यांना. थंड पाण्याचं काय, त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

लेन_चार

पंचवटी, तुमचं अर्धं बरोबर आहे. थंड पाण्यात शरीर उष्णता गमावतं आणि हुडहुडी भरली की खर्चही वाढतो. पण हुडहुडी भरलेला माणूस नीट पोहू शकत नाही. हात जड होतात, लॅप कमी होतात आणि माणूस लवकर वर येतो. पुढची गंमत भुकेची. 2005 मध्ये फ्लोरिडात एक प्रयोग झाला होता. त्याच माणसांना 45 मिनिटं पाण्यात सायकल मारायला लावली, एकदा 20 अंशांच्या पाण्यात, एकदा 33 अंशांच्या. दोन्ही वेळा खर्च जवळपास सारखा, पाचशेच्या थोडा वर. नंतर हवं तेवढं खाऊ दिलं. थंड पाण्यातून आलेल्यांनी सुमारे 880 कॅलरी खाल्ल्या, कोमट पाण्यातून आलेल्यांनी सुमारे 610. प्रयोग छोटा होता, आणि सायकल म्हणजे पोहणं नव्हे, त्यामुळे तो सगळ्यांना लावू नका. पण गारठलेल्या अंगाने बाहेर पडल्यावर मिसळ समोर आली की काय होतं, हे तलावावरच्या कुणालाही विचारा. नुसते दोन पावच अडीचशेच्या घरात जातात, त्यात तर्री आणि फरसाण धरलेलं नाही.

रिकाम्या पोटाचंही तसंच. त्या तासात चरबीचा वाटा थोडा वाढतो हे खरं, पण दिवसभराच्या जमाखर्चात शरीर ते फेडून घेतं. ज्याला रिकाम्या पोटी चक्कर येत नाही त्याने खुशाल उतरावं. चरबीसाठी म्हणून उपाशी राहायची गरज नाही.

पंचवटी_पहाट

फ्लोरिडातल्यांना नाशिकच्या थंडीची सवय कुठली. मला नाही पटलं, पण असो.

सिडको_स्वप्ना

विषयाच्या थोडं बाहेर विचारते, चालेल ना? आईचं वय 62, वजन 76, गुडघे झिजलेत असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तिला पोहता येत नाही. तिला हे लॅपचं वेळापत्रक चालेल का? तिला वजन कमी करायला सांगितलंय.

तरणतलाव_ताई

स्वप्ना, लॅपचं वेळापत्रक त्यांच्यासाठी नाही. पोहायला न येणाऱ्याने आधी लॅपच्या मागे लागू नये. त्यांना उथळ बाजूला, छातीपर्यंत पाण्यात चालू दे. कमरेपर्यंत पाणी असलं की पायांवर वजन जवळपास निम्मं येतं. छातीपर्यंत असलं तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच. म्हणून जमिनीवर दहा मिनिटांत कुरकुरणारा गुडघा पाण्यात अर्धा तास चालू देतो. टाच आधी टेकवून लांब पावलं टाकायची, हात पाण्याखाली ठेवून ढकलायचे. पंजांवर टुणटुणत गेल्या तर वेगात वाटतं, पण काम काहीच होत नाही आणि पोटऱ्या धरतात.

कडेच्या रेलिंगपासून हातभर अंतरावर चालायचं आणि तळ कुठे उतरता होतो ते आधी बघून ठेवायचं, कारण काही तलावांत उथळ बाजू एकदम खोल होते. एक मात्र पाळा. त्यांना कुणी ब्रेस्टस्ट्रोकची लाथ शिकवायला निघालं तर थांबवा. त्या लाथेत नडगी बाहेर वळते आणि गुडघा झटक्याने सरळ होतो, मग तो आतल्या बाजूने दुखायला लागतो. ऑर्थोच्या डॉक्टरांना एकदा विचारून मगच सुरू करा.

सिडको_स्वप्ना

हे कुणी सांगितलंच नव्हतं. बॅचवाले थेट बेडूक शिकवणार होते. धन्यवाद ताई.

मखमलाबाद_मोटर

सोपा मार्ग सांगू का, सावकाश 12 लॅपऐवजी जीव तोडून 6 मारायचे. जोरात केलं की चरबी भराभर जळते, नंतर दिवसभर जळत राहते. श्वास रोखून पाण्याखालून एक लॅप मारला तर अजून भारी.

तरणतलाव_ताई

श्वास रोखण्याचं आधी बोलते. पाण्याखालून लॅप मारायला लोक आधी भराभरा खोल श्वास घेतात. त्याने श्वास घ्यायची ओढच दबते, आणि माणूस काही न जाणवता पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पोहणारे यात गेलेत. चरबीशी याचा काही संबंध नाही. एवढं वाचून ते वाक्य विसरून जा.

जीव तोडून मारण्याबद्दल सांगायचं तर ज्याचं तंत्र बसलंय त्याला जोरकस लॅप उपयोगी आहेत. नवशिक्याने जोर लावला की वेग वाढत नाही, फक्त फेस वाढतो. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे थोड्याशा वेगाला भरपूर दम लागतो. मग तीन मिनिटं भिंतीला लटकणं आलंच. नंतर दिवसभर जळतं म्हणतात ते खरं आहे, पण अशा छोट्या व्यायामानंतर ते काही डझन कॅलरींपलीकडे जात नाही.

लेन_चार

आता सातपूरकरांचा दुसरा प्रश्न, लॅपची आखणी. ट्रॅक फायद्याचा, हे आजपुरतं खरं आहे. तुमची 10 मिनिटं 25 झाली की चित्र उलटतं. आणि ती 25 मिनिटं दमसासाने येत नाहीत, थांबण्याच्या शिस्तीने येतात.

नियम एकच पकडा. दम परत येईपर्यंत थांबायचं नाही, घड्याळाने थांबायचं. आणि त्या थांब्यात दम परत येईल इतक्याच वेगाने पोहायचं. तुमचा पहिला 43 आणि शेवटचा 60 म्हणजे 17 सेकंदांची घसरण. पहिला लॅप चुकीचा होता, शेवटचा त्याची शिक्षा होती. 46 ते 48 मध्ये सुरू करा. सेटमधला पहिला आणि शेवटचा लॅप यांत तीन-चार सेकंदांहून जास्त फरक पडला तर सुरुवात जोरात झाली असं समजायचं.

पहिले दोन आठवडे प्रत्येक बॅचला चार लॅपचे चार सेट करा. दोन लॅपमध्ये 45 सेकंद, दोन सेटमध्ये 2 मिनिटं. हे 16 लॅप, म्हणजे 400 मीटर, पूर्ण व्हायला सुमारे 27 मिनिटं लागतात. आधीची पाच-सात मिनिटं अंग मोकळं करायला आणि श्वासाच्या सरावाला ठेवा, तो सराव ताई सांगतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लॅपमधला थांबा 30 सेकंदांवर आणा आणि पाचवा सेट जोडा, म्हणजे 500 मीटर. एकाच वेळी थांबाही कमी आणि सेटही जास्त असं जड वाटलं तर आधी थांबा कमी करा, सेट पुढच्या आठवड्यात जोडा.

पाचव्या आठवड्यापासून 50 मीटर, म्हणजे भिंतीला हात लावून लगेच परत. असे दहा, मध्ये 45 सेकंद थांबा, शेवटी चार सुटे लॅप. हे झाले 600. इथे बहुतेकांची गाडी अडकते, कारण वळल्यावर दुसरे 25 मीटर एकदम जड होतात. तसं झालं तर मागे जाऊ नका. सहा 50 करा आणि बाकीचे सुटे. आठव्या आठवड्याला बारा 50 मध्ये 30 सेकंद थांबून, आणि शेवटी दोन 100 असं 800 मीटरपर्यंत जाता येतं. यात पोहणं साधारण 25 मिनिटं होतं.

त्या दिवसाचा हिशोब त्याच सूत्राने मांडला तर निव्वळ 270 च्या जवळ येतो. पण तोवर तुमचं अंग पाण्यात सपाट झालेलं असेल आणि त्याच वेगाला मेट 8 लागणार नाही. 7 धरलं तर 240. पोहण्यातली खोच हीच आहे. जितकं चांगलं जमतं तितका दर मीटरला खर्च कमी होतो. म्हणून आठव्या आठवड्यानंतर नुसते लॅप वाढवण्यापेक्षा थोडे लॅप मुद्दाम वेगात घ्यावे लागतात. मखमलाबादची सूचना तेव्हा कामाला येईल, पाण्याखालचा भाग सोडून.

सातपूरकर_84

हे कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीपाशी ठेवतो. फ्रीस्टाइलमध्ये अर्ध्या तलावात दम जातो, त्याचं काय? वजन उतरवायला फ्रीस्टाइलच हवं असं ऐकतो.

तरणतलाव_ताई

अर्ध्या तलावात संपतो तो दम सहसा छातीचा नसतो, श्वासाच्या क्रमाचा असतो. बहुतेक जण तोंड पाण्यात असताना श्वास धरून ठेवतात. तोंड वर आल्यावर त्या अर्ध्या सेकंदात सोडणं आणि घेणं दोन्ही करायला जातात. घेणं अर्धवट राहतं, आतली शिळी हवा साचत जाते, आणि 12-15 मीटरवर छाती भरून येते. हवा कमी पडली असं वाटतं, पण खरं तर बाहेर गेलेली नसते.

उथळ बाजूला उभे राहा, तोंड पाण्यात घाला आणि नाका-तोंडातून सलग बुडबुडे सोडत राहा. मान वळवा, फक्त घ्या, परत घाला. असं दहा वेळा, प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला. कान पाण्यात आणि एकच गॉगल पाण्याबाहेर, एवढीच मान वळली पाहिजे. डोकं पुढे वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात. मग तुम्ही 25 मीटर चढावर पोहत असता.

पाय बुडतात का हे ओळखायला पुल बॉय, म्हणजे तो तरंगणारा फोमचा ठोकळा, मांड्यांत धरून एक लॅप मारा. त्याने एकदम हलकं वाटलं तर दोष पायांचा आहे. मग किकबोर्डवर दोन लॅप बघा. भरपूर फेस उडतोय आणि बोर्ड पुढे सरकत नाही, तर लाथ गुडघ्यातून बसतेय. ती मांडीतून, घोटे सैल ठेवून हवी. फेस कमी झाला आणि भिंत लवकर आली की समजा जमलं.

आणि फ्रीस्टाइलच हवं असं काही नाही. ब्रेस्टस्ट्रोकवर तुमची 25 मिनिटं होत असतील तर चरबीला फरक पडत नाही. फक्त आपल्याकडे मान सतत बाहेर काढून जे बेडूक पोहतात ते टाळा. मान आणि कंबर धरते, आणि पाय खाली लोंबतात. प्रत्येक हाताला तोंड पाण्यात जाऊन यायला हवं.

लेन_चार

ताई, इथे माझं थोडं वेगळं मत आहे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये लोक घसरत-घसरत आराम करतात आणि लॅप 60 सेकंदांचा होतो. फ्रीस्टाइलमध्ये असा आळस करता येत नाही. मी प्रत्येक सेटचा एक लॅप तरी फ्रीस्टाइलला देईन, अर्ध्यात उभं राहावं लागलं तरी.

तरणतलाव_ताई

अर्ध्यात उभं राहिलं की सेटची लय मोडते. मी तो एक लॅप सुरुवातीच्या सरावात ठेवेन, सेटमध्ये नाही. त्यांचं त्यांनी बघावं.

गंगाकाठी

एवढं सगळं करण्यापेक्षा गंगेवर, आपल्या गोदावरीवर या की. रामकुंडापाशी फुकट, बॅचची कटकट नाही.

आकडेमोड

तिथे भिंत नाही, लांबी नाही, वाहतं पाणी एकदा ढकलतं आणि एकदा अडवतं. 46 सेकंद कशाचे मोजायचे?

लेन_चार

पावसाळ्यात तर धरणातून पाणी सोडतात तेव्हा नावही काढू नका.

सातपूरकर, शेवटचा हिशोब, म्हणजे अपेक्षा नीट बसेल. आठव्या आठवड्याच्या पातळीवर तीन बॅचचे आठवड्याला 750 धरा. नुसत्या त्यावर एक किलो चरबी उतरायला दहा आठवडे लागतील. रोजच्या खाण्यातून 250 काढले, तर आठवड्याचे 1,750 होतात. रोजचे 250 म्हणजे साधारण दोन चपात्यांहून थोडे जास्त, किंवा साखरेचे दोन चहा आणि मूठभर चिवडा. दोन्ही मिळून 2,500, म्हणजे आठवड्याला सव्वातीनशे ग्रॅम. पोहण्याचा वाटा त्यात तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे, हे नीट बघा.

मोजायचं तर रोज सकाळी शौचानंतर वजन घेऊन आठवड्याची सरासरी काढा, आणि पंधरा दिवसांनी बेंबीपाशी पट्टी, श्वास सोडल्यावर. एका दिवसाच्या काट्याला विचारू नका.

सातपूरकर_84

दोन आठवड्यांचा अहवाल. लांबी 25 केली, घड्याळाच्या कॅलरी बघणं सोडलं. वजनाची सरासरी 84.2, घेर 100. खाण्यात फक्त दुपारचा चहा बिनसाखरेचा केला आहे, चपात्या तशाच.

16 लॅप पूर्ण होतात. पहिल्या सेटला 47, 47, 48, 48. दुसरा, तिसरा तसाच. चौथ्या सेटला 48, 50, 54, 59. फ्रीस्टाइल सुरुवातीच्या सरावात ठेवलं, बुडबुड्यांनंतर 18 मीटरपर्यंत गेलो. पुल बॉय लावला की हलकं वाटतं, म्हणजे पायच. उद्यापासून थांबा 30 वर आणू का?

लेन_चार

नको. चौथा सेट अजून फुटतोय. या आठवड्यात थांबा 45 च ठेवा, तिसऱ्या आणि चौथ्या सेटच्या मध्ये मात्र 2 ऐवजी 3 मिनिटं घ्या. चौथ्याचा शेवटचा लॅप 52 च्या आत आला की मग सगळीकडे 40 करा, एकदम 30 नाही.

तरणतलाव_ताई

आणि चौथ्या सेटमध्ये दर लॅपला किती हात मारता ते मोजा. पहिल्या लॅपला 20 लागतात आणि शेवटच्याला 26, तर दोष दमाचा नाही, पाण्यावरची पकड सुटतेय. आकडा दोन्ही वेळा सारखा आणि वेळच वाढली, तर मात्र लेन_चार म्हणतात ते बरोबर.

सातपूरकर_84

हात मोजले नव्हते. बुधवारी मोजून सांगतो.